स्वतःच्या जुन्या सहली तपासून पुढचं ठिकाण ठरवायचंय, मदत हवी

गोदाकाठ | रविवार, सकाळी ९:१०

जानेवारीत मला बँकेतून सलग रजा मिळतेय. नवराही सुट्टी काढणार आहे. प्रवास धरून नऊ दिवस हातात आहेत आणि दरवर्षीसारखा घरात वाद सुरू झालाय. आमच्या यादीत मेघालय, कच्छ, ओरछा, चेट्टिनाड, बदामी आणि दीव आहेत. प्रत्येकाचे व्हिडिओ बघितले की तेच बरं वाटतं, आणि तीन आठवडे झाले तरी आम्ही जिथे होतो तिथेच.

मागच्या वर्षी एका मैत्रिणीनं सांगितलं की आधी आपली प्रवासाची पद्धत कोणती ते ओळख, ठिकाण मग आपोआप सुचतं. मला ते पटलं, पण ओळखायचं कसं? आत्तापर्यंतच्या मोठ्या सहली अशा: २०१३ केरळ, २०१५ राजस्थान (टूर कंपनीबरोबर), २०१६ दापोली-मुरूड-हर्णै, २०१८ हंपी, २०१९ लडाख, २०२२ महेश्वर-मांडू, २०२३ अंदमान. यावरून मला वाटतं की मला समुद्र आवडतो आणि डोंगर मानवत नाहीत. दापोलीहून परत यायलाच नको वाटत होतं, आणि लडाखहून आले तेव्हा पुन्हा जायचं नाही असं ठरवूनच आले. पण मग अंदमानात एवढा समुद्र असून मी कंटाळले का, याचं उत्तर सापडत नाही.

तुमच्यापैकी कुणी असं मागे वळून नीट बघितलंय का? काय बघितलंत?

---

सह्यवेडा | रविवार, १०:०२

सोपं आहे ताई. मोबाईलमधले फोटो मोजा. ज्या ठिकाणचे सगळ्यात जास्त फोटो, ते तुम्हाला सगळ्यात आवडलेलं. माणूस आवडतं त्याचेच फोटो काढतो. मी माझे मोजले तर निम्म्याहून जास्त किल्ल्यांचे निघाले. प्रश्नच मिटला.

---

चैत्रपालवी | रविवार, १०:४०

आम्हीपण कच्छचाच विचार करतोय. रण उत्सवासाठी ग्रुप टूर कोणती चांगली आहे? सासूबाई बरोबर असतील, जेवण मराठी हवं. कुणी सांगेल का?

---

पायरव | रविवार, दुपारी १:२५

चैत्रपालवी, टूर कंपन्यांसाठी वेगळा धागा काढा, तिथे जास्त उत्तरं मिळतील. इथे प्रश्न वेगळा आहे.

गोदाकाठताई, मी सोळा-सतरा वर्षं छोट्या गटांच्या सहली आखतेय. लोक पहिल्या बैठकीत नेहमी तुमच्यासारखंच सांगतात, समुद्र की डोंगर, देवळं की जंगल. त्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही, कारण ती ठिकाणाची वर्णनं आहेत. दिवस कसा गेला हे त्यातून कळत नाही. तुमच्या अंदमानचं कोडं तिथेच आहे. समुद्र दोन्हीकडे होता. वेगळं जे काही होतं ते दिवसात होतं.

म्हणून पूर्ण सहलीला गुण देऊ नका, दिवसांना द्या. अख्ख्या सहलीची आठवण फसवी असते. डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३ चा एक प्रयोग आहे. लोकांना एकदा मिनिटभर त्रास होईल इतक्या थंड पाण्यात हात ठेवायला सांगितलं. दुसऱ्यांदा तेवढंच मिनिट आणि वर अजून अर्धं मिनिट, पण त्या अर्ध्या मिनिटात पाणी किंचित कमी गार केलेलं. यातलं पुन्हा काय कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरा, म्हणजे जास्त वेळ त्रास देणारा प्रकार निवडला, कारण त्याचा शेवट जरा बरा होता. सहलीचंही तसंच होतं. एक मोठा क्षण आणि शेवटचा दिवस एवढंच लक्षात राहतं, मधले सहा दिवस पुसले जातात. परतीचं विमान पाच तास उशिरा सुटलं तर अख्खी सहल वाईट वाटायला लागते.

आता करायचं काय ते सांगते. फोटो न उघडता प्रत्येक सहलीतले दोन चांगले आणि दोन नकोसे दिवस कागदावर लिहा. आधी फोटो बघितलेत तर फोटोत सुंदर दिसलेला दिवसच चांगला वाटेल. दिवस लिहून झाले की मग फोटो, तिकिटं आणि पैसे दिल्याचे मेसेज उघडा आणि त्या प्रत्येक दिवसाचा तास-तास उभा करा. रात्री झोपायची जागा त्या दिवशी बदलली का, गाडीत किती तास गेले, सकाळचे पहिले दोन तास कुठे होतात, पायी किती फिरलात, आणि तिथल्या माणसांशी व्यवहारापलीकडे काही संबंध आला का, एवढंच बघा. फोटोंच्या वेळा इथे फार कामाला येतात. सकाळी साडेआठनंतर थेट दुपारी दोनचा फोटो असेल, तर मधला वेळ बहुतेक गाडीत गेलाय.

आणि अंदमान त्यात धरू नका. ते बाजूला ठेवा. कशासाठी ते नंतर सांगते.

---

आप्पा_कोथरूड | रविवार, दुपारी ४:५०

मी ७१ वर्षांचा. १९८४ साली मनालीहून रोहतांग ओलांडून लाहौलला गेलो होतो, ती माझी सर्वात आवडती सहल. पण तिच्यावरून आता काही ठरवायला गेलो तर गुडघे ऐकणार नाहीत. गेल्या वर्षी मुलानं हौसेनं तसंच काहीतरी आखलं आणि मी तीन दिवस हॉटेलच्या खिडकीत बसून काढले. तुमच्या २०१३ च्या केरळाला आणि २०२३ च्या अंदमानला एकच वजन द्यावं का, याचा विचार करा. माझ्या मते गेल्या चार-पाच वर्षांपलीकडचं धरूच नये.

---

पायरव | रविवार, सायंकाळी ५:३०

आप्पाकाका, शरीराबाबत तुमचं अगदी बरोबर. गुडघे, झोप, पथ्य, उंचीचा त्रास, यांत अलीकडचंच खरं मानायचं. पण आनंद कशात वाटतो हे त्या मानानं हळू बदलतं, म्हणून जुन्या सहली मी फेकून देणार नाही. तुमच्या लाहौलमध्येही चालण्यापेक्षा दुसरं काहीतरी असेल, बघा आठवून.

---

गोदाकाठ | बुधवार, रात्री १०:१५

तीन रात्री बसून केलं. पायरवताई, तुमचे किती आभार मानू कळत नाही. हे सगळं बघून मी हलले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सहा सहलींचे चोवीस दिवस व्हायला हवे होते, पण दापोलीत नकोसा दिवस सापडलाच नाही. त्यामुळे बारा चांगले आणि दहा नकोसे.

नकोशा दहांपैकी आठ दिवशी पाच तासांहून जास्त वेळ गाडीत गेलाय. राजस्थानात जैसलमेरहून उदयपूर, जवळपास ५०० किलोमीटर. लडाखमध्ये लेहहून पँगाँग एका दिवसात जाऊन-येऊन, पहाटे साडेपाचला निघालो ते रात्री आठला परत. उरलेले दोन वेगळे आहेत. एक जयपूरचा. गाडीत फार वेळ गेला नव्हता, पण टूरवाल्यांनी आमेर किल्ल्याला चाळीस मिनिटं दिली आणि घड्याळाकडे बघत पळावं लागलं. दुसरा दिवस बघून मला आश्चर्य वाटलं, तो अलेप्पीच्या हाऊसबोटीचा. तिचे सगळ्यात सुंदर फोटो आहेत. पण आठवतंय की काठावरच्या घरांमध्ये बायका भांडी घासत होत्या, मुलं शाळेच्या होडीत चढत होती, आणि मला खाली उतरून तिथे चालायचं होतं. उतरता येत नव्हतं.

आता चांगले बारा. त्यातल्या अकरा दिवशी गाडीत दोन तासांपेक्षा कमी वेळ गेलाय. दहा दिवशी झोपायची जागा बदललेली नव्हती. पण हे नुसतं आरामाचं गणित नाही, कारण त्या दिवसांत मी काय करत होते ते वाचून मला रडू आलं. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव बघत उभी होते. महेश्वरला हातमागांच्या खटखटीत एका विणकर बाईंजवळ दीड तास बसले, त्या काठाची नक्षी कशी मोजतात ते सांगत होत्या. हंपीत सकाळी विरूपाक्ष मंदिराची लक्ष्मी हत्तीण नदीवर आंघोळीला येते, तिचा माहूत तिला घासतो ते बघत आम्ही पायरीवर बसलो होतो. विठ्ठल मंदिराचा दगडी रथ ज्या दिवशी बघितला तो दिवस मी चांगल्यांत लिहिलेलाच नाही.

आणि डोंगर मानवत नाहीत असं म्हणणाऱ्या माझा लडाखमधलाही एक दिवस चांगल्यांत आहे! लेह ३,५०० मीटरवर असल्यानं सुरुवातीला विश्रांती सक्तीची होती. दुसऱ्या दिवशी हळूहळू चालत मुख्य बाजारात गेलो. तिथे फुटपाथच्या कडेला बायका मुळा, गाजर, पालेभाज्या घेऊन ओळीनं बसतात. एका आजीजवळ बसून मी जर्दाळू खाल्ले आणि आम्ही खुणांनी बोललो. सगळे ज्याला "वाया गेलेला दिवस" म्हणत होते तो माझा सर्वात छान दिवस होता.

जास्त गाडीचा असूनही चांगला निघालेला दिवस मुन्नार ते थेक्कडीचा. घाटात गाडी बिघडली आणि दोन तास चहाच्या मळ्याशेजारी थांबावं लागलं. बायका खुडलेली पानं पोत्यांत भरून तोलायला आणत होत्या. मी सगळा वेळ तेच बघत होते.

सह्यवेडा, तुमच्यासाठी मोजलं. पँगाँगचे २१२ फोटो आहेत. हर्णैच्या त्या संध्याकाळचे ९.

---

सह्यवेडा | बुधवार, रात्री १०:५०

२१२ विरुद्ध ९! मानलं. मी हे उलटं धरत होतो. माझे किल्ल्यांचे फोटो बहुतेक वर पोचल्यावरचे आहेत, चढतानाचे जवळजवळ नाहीतच. आणि मला तर चढणंच आवडतं. पुन्हा बघावं लागेल.

---

पायरव | गुरुवार, सकाळी ७:४०

ताई, फार प्रामाणिकपणे केलंत. मी वाचून जे समजले ते सांगते, चूक असेल तर दुरुस्त करा. तुम्हाला कामात असलेलं गाव बघायला आवडतं. बंदर, माग, बाजार, मळा. स्मारक आणि देखावा तुमच्यासाठी दुय्यम आहे. आणि ते काम तुम्हाला पायी, सकाळी किंवा संध्याकाळी, कुणी घाई न करता बघायचं असतं, म्हणून एकाच जागी निदान तीन रात्री लागतात. पहिल्या दिवशी गावाची वेळापत्रकं कळतात, दुसऱ्या दिवशी ओळख होते, तिसऱ्या दिवशी कुणीतरी आत बोलावतं.

आता अंदमान. आपण जे काढलं ते खरं आहे की सहा सहलींवर नुसतं बेतलेलं, हे न वापरलेल्या सहलीवरच कळतं. म्हणून आधी अंदाज लिहिते. तुम्ही नेहमीसारखं पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील असं फिरला असाल, जागा चार-पाच वेळा बदलली असेल, बोटींच्या वेळा पकडण्यात सकाळी गेल्या असतील. आणि त्यात कुठलीतरी एक चांगली वेळ असेलच, ती बहुतेक नीलवर असेल, कारण ते बेट लहान आहे आणि तिथे लोक शेती करतात. आता फोटोंच्या वेळा लावून बघा.

---

गोदाकाठ | गुरुवार, रात्री ९:३०

ताई, अंगावर काटा आला. सात रात्रींत पाच वेळा सामान बांधलं. दोन सकाळी जेट्टीवर रांगेत गेल्या. आणि नील बेटावर एकच रात्र होती, पण तिथल्या बाजारात पहाटे भाजीच्या पाट्या उतरत होत्या. बंगाली कुटुंबं आहेत तिथली, एका काकूंनी मला पडवळ कसं करतात ते सांगितलं. नवऱ्याला मी तेव्हा म्हटलं होतं की इथेच राहू या, पण पुढचं आरक्षण झालेलं होतं.

म्हणजे मला समुद्र आवडतो असं नव्हतंच. मला हर्णै आवडलं होतं.

---

निरंतर | शुक्रवार, दुपारी १२:१५

सगळं वाचलं, छान चाललंय, पण मला एक भीती वाटते. जे आवडलं त्याच्याच छापाची ठिकाणं शोधत राहिलात तर जे कधी भेटलंच नाही ते कसं भेटणार? तुमच्या सात सहलींत जंगल नाही, बर्फ नाही, रात्रीचं आकाश नाही. त्याबद्दल तुमची वही काहीच सांगू शकत नाही, हो पण नाही आणि नाही पण नाही. मला पक्ष्यांमध्ये काडीचा रस नव्हता. भिगवणला एका मित्राच्या आग्रहाखातर गेलो, आणि आता दर हिवाळ्यात जातो. माझ्या जुन्या सहलींवरून हे कधीच कळलं नसतं.

---

पायरव | शुक्रवार, दुपारी २:००

निरंतर, हे मान्य. न केलेल्या गोष्टीबद्दल वही गप्प असते. मी आखताना आठ-नऊ दिवसांत एक दिवस मुद्दाम पद्धतीबाहेरचा ठेवते. पण सगळी सहलच नव्या प्रकारची करा म्हणाल तर मी नाही म्हणेन. वर्षातून एकदाच रजा मिळणाऱ्या माणसाला ते परवडत नाही.

---

निरंतर | शुक्रवार, दुपारी २:२०

एक दिवस पुरत नाही असं माझं मत आहे. भिगवणला पहिल्या दिवशी मी कंटाळलोच होतो. तुम्हीच म्हणालात की तिसऱ्या दिवशी आत बोलावणं येतं, मग नव्या गोष्टीला एकच दिवस का?

---

गोदाकाठ | शनिवार, सकाळी ८:२०

निरंतर, तुमचा मुद्दा डोक्यात राहिलाय, त्याला आत्ता उत्तर नाही माझ्याकडे.

काल यादीला चाळणी लावली. दोनच प्रश्न ठेवले. एका जागी तीन रात्री राहून आजूबाजूचं सगळं तासा-दीड तासात होतं का? आणि मुक्कामातून सकाळी पायी निघून पंधरा-वीस मिनिटांत काम करणारी माणसं दिसतात का?

मेघालय पहिल्या फेरीत गळलं. धबधबे, गुहा, जिवंत मुळांचे पूल सगळं लांब-लांब, रोज गाडी. दीवला किनारा आणि किल्ला, मग काय? ओरछात महाल आणि छत्र्या अप्रतिम आहेत, पण ती स्मारकंच. बदामीही त्याच कारणानं मागे पडली, मन जड झालं तरी. चेट्टिनाड आणि कच्छ उरले. चेट्टिनाडात आत्तंगुडीच्या फरश्या अजून हातानं ओततात हे वाचून मोह झाला, पण नाशिकहून मदुराई गाठण्यात आणि परतण्यात तीन दिवस जाताहेत.

आणि एक नवीन अडचण. नवऱ्यानंही वेगळ्या कागदावर त्याचे दिवस लिहिले, एकमेकांचं न बघता. त्याच्या चांगल्या दिवसांत पहिला कोणता? जैसलमेर-उदयपूर! त्याला लांब मोकळा रस्ता आवडतो. माझ्या नकोशा दिवसांतले चार त्याच्या चांगल्यांत आहेत. लग्नाला एकोणीस वर्षं झाली आणि हे आम्हाला आत्ता कळतंय.

---

ब्रह्मपुत्रेकाठी | शनिवार, सकाळी ११:४५

नमस्कार, मूळची सांगलीची, नोकरीमुळे नऊ वर्षं गुवाहाटीत. ताई, मेघालयावर थोडा अन्याय होतोय असं वाटतं. तुम्ही जे बाद केलंत ते व्हिडिओमधलं मेघालय आहे. शिलाँगमध्ये चार रात्री राहून रोज सकाळी चालत इउदुह बाजारात जा. सगळे त्याला बडा बाजार म्हणतात. उताराच्या गल्ल्यांचं जाळं आहे आणि बहुतेक दुकानं खासी बायका चालवतात. सुपारी, वाळलेली मासळी, बांबूच्या टोपल्या, मध. तुम्हाला तिथून हलावंसं वाटणार नाही. मुळांचा पूल बघितला नाही म्हणून मेघालय झालं नाही असं थोडंच आहे?

फक्त जानेवारीत एक ध्यानात घ्या. इथे साडेचार-पावणेपाचला सूर्य मावळतो. महाराष्ट्रातून येणारे लोक नऊला निघायची सवय ठेवतात आणि दिवस हातातून जातो.

---

पायरव | शनिवार, दुपारी १२:३०

हे फार मोलाचं सांगितलंत. चाळणी ठिकाणाला लावली की असं होतं. खरं तर ती कार्यक्रमाला लावायची असते. तेच शिलाँग बाजारासाठी राहिलात तर तुमचं आहे, आणि सोहरा-डावकी-मावलिन्नाँग असं पळालात तर लडाखची पुनरावृत्ती. कच्छचंही तसंच. धोर्डोच्या तंबूंत राहिलात तर मुक्कामातून पायी निघून काही लागत नाही. भूजच्या जुन्या गावात राहिलात तर कच्छ दुसरंच होतं.

बदामीही पुन्हा बघा. अगस्त्य तलावावर सकाळी गावातल्या बायका कपडे धुवायला येतात, लेणी त्यांच्या डोक्यावर. तिथे तुम्ही लेण्यांसाठी जायलाच हवं असं नाही.

---

गोदाकाठ | शनिवार, दुपारी ३:१०

बदामीचं पटलं, ती पुन्हा यादीत. शिलाँगही, पण पुढच्या वर्षासाठी, विमानाच्या भाड्यामुळे. आता कच्छ की बदामी.

---

कच्छी_मराठी | शनिवार, रात्री ८:४०

गांधीधामला बंदराच्या कामात बारा वर्षं झाली, मूळचा जळगावचा. ताई, तुमची हर्णैची गोष्ट वाचून राहवलं नाही. तुम्ही मांडवीचं नावच कुठे घेतलेलं नाही!

मांडवी भूजपासून साधारण ६० किलोमीटर. रुक्मावती नदीच्या काठावर तिथे अजून लाकडी जहाजं बांधतात, उघड्यावर, रस्त्याच्या कडेला. एक जहाज पुरं व्हायला दोन-दोन वर्षंही लागतात. सांगाडा उभा असतो, त्यावर माणसं मुंग्यांसारखी चढलेली, रंधे आणि हातोड्यांचा आवाज. पूर्वीपेक्षा कमी झालीत, तरी आहेत. गावात राहिलात तर सकाळी पायी जाऊन बघता येतं.

भूजजवळ भुजोडी आठ-नऊ किलोमीटरवर, तिथे वणकर लोक शाली विणतात. थोडं पुढे अजरखपूर, ठशांनी कापड छापणाऱ्यांचं गाव. २००१ च्या भूकंपानंतर त्यांच्या जुन्या धमडका गावाच्या पाण्यात लोहाचं प्रमाण वाढलं आणि रंग बिघडायला लागले, म्हणून तिथल्या बऱ्याच खत्री कुटुंबांनी हे नवं गाव वसवलं. कापड हिरड्यात बुडवतात, काळा रंग गंजलेलं लोखंड आणि गूळ आंबवून करतात, मग नीळ. ठसा मारणाऱ्या माणसाशेजारी बसलात तर तुमचा दिवस कुठे गेला कळणार नाही.

आणि दादांसाठी भूजहून खावडामार्गे धोलावीरा. दोन्ही बाजूंना पांढरं रण आणि मधून सरळ रस्ता. जायला अडीच-तीन तास. हडप्पाकालीन नगर आहे, २०२१ पासून जागतिक वारशाच्या यादीत. निरंतरदादांचा पद्धतीबाहेरचा दिवसही त्यातच बसवा, रात्री तिकडेच थांबा. एवढे तारे मी दुसरीकडे बघितले नाहीत.

तारखांचं एक बघा. १४ आणि १५ जानेवारीला उत्तरायण. सगळा गुजरात गच्चीवर पतंग उडवतो, माग आणि कारखाने बंद. त्या दोन दिवशी काम बघायला गेलात तर निराश व्हाल. आणि अजरखपूरचे कारागीर मुस्लीम आहेत, म्हणून शुक्रवार असेल तर आधी फोन करून विचारा.

---

आप्पा_कोथरूड | शनिवार, रात्री ९:२५

पायरवताईंनी सांगितलं म्हणून लाहौल आठवत बसलो. चालणं नव्हतंच ते. केलाँगला पाऊस लागून दोन दिवस अडकलो होतो, आणि एका घरात चुलीपाशी बसून त्या म्हाताऱ्याकडून लोकर कातायला शिकलो होतो. चाळीस वर्षांत हे कुणाला सांगितलं नव्हतं. भुजोडीला पायऱ्या किती आहेत हो?

---

कच्छी_मराठी | शनिवार, रात्री ९:४०

आप्पा, एकही नाही. सपाट गाव, बैठी घरं. गाडी दारापर्यंत जाते. या तुम्ही.

---

गोदाकाठ | सोमवार, रात्री ९:५०

ठरलं. मुंबईहून भूजची रात्रीची रेल्वे. पहिल्या तीन रात्री मांडवी, नंतर एक रात्र धोलावीरा, मग भूजमध्ये हमीरसर तलावाजवळ तीन रात्री. एकूण तीनच जागा. गाडी भूजहून भाड्यानं घेणार आणि ती नवराच चालवणार. त्याला धोलावीऱ्याच्या दोन दिवसांत रस्ता मिळतोय, आणि त्या दोन दिवसांत मी कुरकुर करणार नाही असं लिहून दिलंय. मांडवीत तो म्हणाला, मी सकाळी जहाजांपाशी येणार नाही, झोपणार. मला ते चालेल.

उत्तरायणाआधी परत यायचं म्हणून ३ तारखेला निघतोय. धोर्डोला जायचं की नाही ते तिथे गेल्यावर बघू, परवाना भिरंडियाऱ्याच्या चौकीवर मिळतो असं कळलं. बदामी गणपतीनंतर, तीन-चार दिवसांची, नवरा म्हणतो विजापूरला मुक्काम करून गाडीनंच.

कच्छीदादा, एकच विचारायचं राहिलं. जहाजं बांधतात तिथे आत गेलेलं चालतं का? बाईमाणूस एकटी उभी राहिली तर कुणाला खटकणार नाही ना?

---

कच्छी_मराठी | सोमवार, रात्री १०:३०

खटकणार नाही ताई. पण थेट सांगाड्याखाली जाऊ नका, वरून लाकूड सरकवत असतात. आधी तिथल्या मिस्त्रींना विचारा. चहाची टपरी जवळच असते, सकाळी कामावर चढण्याआधी सगळे तिथे येतात. पहिल्या दिवशी नुसता चहा घ्या आणि दुरून बघा. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच विचारतील, कुठून आलात म्हणून.